चित्रात नसलेला सेकंद

एका तरंगाच्या चित्राखाली निळ्या शाईत ओळीने तीन उत्तरं होती. आयाम १२ सेंटिमीटर. तरंगलांबी २ मीटर. वारंवारता ३ हर्ट्झ. उत्तरसूचीत होतं ६ सेंटिमीटर, ४ मीटर, २ हर्ट्झ. म्हणजे तीनपैकी शून्य, आणि तपासणारा पुढचा कागद घ्यायला मोकळा. पण हात अडला तो त्या उत्तरांच्या नीटनेटकेपणापाशी. कुठे खाडाखोड नव्हती, एककं जागच्या जागी होती, आणि एकही आकडा भलतासलता नव्हता. अंदाजपंचे लिहिणाऱ्याच्या आकड्यांचं चित्राशी काही नातं नसतं. हे तिन्ही आकडे मात्र चित्रातलेच होते. १२ चित्रात सापडत होतं, २ सापडत होतं, ३ तर पाहताक्षणीच दिसत होतं. प्रत्येक आकडा कुठून तरी उचललेला होता, फक्त जिथून उचलायचा तिथून नाही. लाल पेनाच्या तीन फुल्या एकसारख्या दिसतात, आणि त्या मारल्या की या तीन चुकाही एकसारख्या वाटू लागतात. त्या तशा नव्हत्या. पहिल्या दोन चुका चित्र वाचण्यातल्या होत्या. तिसरी चूक चित्राला असं काही विचारण्यातून आली होती, जे त्या चित्राला माहीतच नव्हतं.

चित्र साधंच होतं. ताणलेल्या दोरीवरून उजवीकडे जाणारा तरंग, एका क्षणी गोठवलेला. आडव्या अक्षावर अंतर, ० ते १२ मीटर, दर मीटरला एक खूण. उभ्या अक्षावर विस्थापन, वर अधिक ६ आणि खाली उणे ६ सेंटिमीटर, मधे शून्याची रेषा. वक्र शून्यातून वर निघतो, १ मीटरवर शिखर गाठतो, २ मीटरवर मध्यरेषेवर उतरतो, ३ मीटरवर दरीच्या तळाला जातो आणि ४ मीटरवर पुन्हा मध्यरेषेवर येतो. असं तीनदा होऊन १२ मीटरवर चित्र संपतं. शिखरं १, ५ आणि ९ मीटरवर, दऱ्या ३, ७ आणि ११ मीटरवर. आणि चित्राच्या डोक्यावर छापलेली एक ओळ: तरंगाचा वेग ८ मीटर प्रति सेकंद. पहिल्या दोन प्रश्नांना ही ओळ लागत नाही. तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोचेतो नजर वक्राच्या चढउतारात इतकी गुंतते, की वर काही छापलं होतं याचाच विसर पडतो.

आयामाचं १२ कुठून आलं हे शोधायला वेळ लागत नाही. शिखराच्या टोकापासून दरीच्या तळापर्यंत उभं मोजलं की १२ येतं. तरंगाची उंची किती, असं मनात म्हणून चित्राकडे पाहिलं तर डोळा हेच करतो, सगळ्यात वरून सगळ्यात खाली जातो. आणि ही राशी काही निरर्थक नाही. समुद्राच्या लाटेची उंची सांगतात तेव्हा ती शिखरापासून दरीपर्यंतचीच असते. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर विद्युतदाब वाचतानाही वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर नोंदवायची पद्धत आहे, कारण ती दोन टोकं स्पष्ट दिसतात आणि मधली रेषा नेमकी कुठे आहे याची खातरी प्रत्येक वेळी नसते. आयाम मात्र वेगळी गोष्ट विचारतो: दोरीचा एखादा बिंदू आपल्या स्थिर जागेपासून जास्तीत जास्त किती दूर जातो? दोरी शांत असताना तो बिंदू दरीत नसतो, मध्यरेषेवर असतो. म्हणून मोजणीची सुरुवात तिथून. हा नुसता नियमाचा हट्टही नाही. वारंवारता तीच असेल तर तरंगाची ऊर्जा आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे आयाम दुप्पट वाचला की पुढे ऊर्जा थेट चौपट निघते. या कार्यपत्रिकेत तो प्रश्न नव्हता, म्हणून ही चूक एका गुणावर निभावली.

मध्यरेषेपासून मोज, हा सल्ला बरोबर असला तरी एका ठिकाणी तो फसतो. कधी कधी उभा अक्ष विस्थापनाचा नसतो, जमिनीपासूनच्या उंचीचा असतो. समजा, दोरीची उंची २ सेंटिमीटर ते १४ सेंटिमीटर अशी वरखाली होते. मग शून्याची रेषा वक्राच्या खूप खाली राहते, आणि शून्यापासून मोजायची सवय लागलेला विद्यार्थी आयाम १४ लिहितो. त्याने पाठ केलेला नियम पाळलेला असतो, पण मध्यरेषा आणि शून्याची रेषा या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात हे त्याला कुणी दाखवलेलं नसतं. त्यापेक्षा कुठल्याही चित्रात चालणारी कृती बरी: सर्वांत मोठं वाचन घ्या, त्यातून सर्वांत लहान वजा करा, अर्धं करा. १४ वजा २ म्हणजे १२, अर्धे ६. आणि आपल्या चित्रात ६ वजा उणे ६ म्हणजे १२, अर्धे ६. गंमत अशी की निळ्या शाईतल्या उत्तराने या कृतीची पहिली पायरी बिनचूक केली होती. निम्मं करायचं तेवढं राहिलं.

तरंगलांबीच्या २ मीटरचं मात्र दोन घरचं आमंत्रण आहे. एक शक्यता अशी की विद्यार्थ्याने १ मीटरवरच्या शिखरापासून ३ मीटरवरच्या दरीपर्यंत आडवं मोजलं. दुसरी अशी की वक्र मध्यरेषेला जिथे छेदतो ते लागोपाठचे दोन बिंदू घेतले, ० आणि २ मीटरवरचे. दोन्हींत उत्तर तेच, पण डोक्यातला विचार निराळा. पहिल्याला एक तरंग म्हणजे वर गेलं आणि खाली आलं एवढंच वाटतं, परत मूळ जागी येणं तो मोजत नाही. दुसऱ्याला तरंगलांबीची व्याख्या बऱ्यापैकी ठाऊक आहे, सारख्या स्थितीतल्या लगतच्या दोन बिंदूंमधलं अंतर. त्याची अडचण एवढीच की मध्यरेषेवरचे दोन बिंदू त्याला सारखे वाटले. विस्थापन दोन्हीकडे शून्य, मग सारखेच की! पण ० मीटरपाशी वक्र खालून वर चढतो आहे आणि २ मीटरपाशी वरून खाली उतरतो आहे. दोन बिंदू सारखे म्हणायचे तर त्यांची जागाही जुळायला हवी आणि कलही. चढत्या वक्राचा पुढचा छेद थेट ४ मीटरवर येतो.

या दोन विद्यार्थ्यांना एकच शेरा देऊन भागत नाही. कागद समोर असेल तर पेन्सिलीने ० आणि २ मीटरवरच्या छेदांपाशी वक्राच्या दिशेने दोन छोटे बाण काढावेत, एक वर, एक खाली. दुसऱ्या प्रकारच्या विद्यार्थ्याला तेवढ्यानेच उलगडतं. पहिल्याला बाण काही सांगत नाहीत. त्याला असं सांगावं, की तुझा २ मीटरचा तुकडा कापून एकापुढे एक ठेवत गेलास तर मूळ चित्र तयार होतं का ते बघ. शिखरापासून दरीपर्यंतचा तुकडा दरीच्या टोकाला जोडायला गेलं की वक्राला दरीतून एकदम शिखरावर उडी मारावी लागते. असे तुकडे जुळत नाहीत. ४ मीटरचा तुकडा मात्र कुठूनही कापला, अगदी दीड मीटरपासून साडेपाच मीटरपर्यंत, तरी मागच्यापुढच्याशी सरळ जुळतो. ही कसोटी मला व्याख्येपेक्षा जास्त आवडते, कारण ती शिखर, दरी किंवा मध्यरेषा यांपैकी कशावरच अडून राहत नाही.

तरंगलांबीत आणखी एक चूक आढळते, ती या कागदावर नव्हती, पण तिचा पुढे संबंध येणार आहे. पहिल्या शिखरापासून शेवटच्या शिखरापर्यंतचं अंतर मोजून भागाकार करायचा, ही चांगली सवय. एकाच तरंगावर मोजण्यापेक्षा तीनचार तरंगांवर मोजलं की वाचनातली चूक वाटली जाते. इथे पहिलं शिखर १ मीटरवर, शेवटचं ९ मीटरवर, अंतर ८ मीटर. भागायचं कितीने? शिखरं तीन दिसतात म्हणून ३ ने भागलं की २.६७ मीटर येतात. शिखरं तीन असली तरी त्यांच्यामधल्या जागा दोनच आहेत, म्हणून भागायचं २ ने. उत्तरात २.६७ दिसलं की तपासणाऱ्याने समजावं, याची मोजणी नीट झाली आहे, गडबड फक्त भाजकात आहे.

आता ते ३ हर्ट्झ.

चित्रात तीन पूर्ण तरंग आहेत, म्हणून वारंवारता तीन. विद्यार्थ्याला विचारलं तर तो व्याख्याही सांगेल: वारंवारता म्हणजे तरंगांची संख्या. व्याख्येतला ‘दर सेकंदाला’ एवढा तुकडा गळालेला असतो, आणि तो गळाला की तरंग मोजणं एवढंच शिल्लक राहतं. पण तो तुकडा सांगून आणि घोकून घेतला तरी ही चूक जात नाही, असा अनुभव शिकवणाऱ्या बहुतेकांना असेल. कारण पाठांतरात काही कमी नसतं. आडवा अक्ष हा अंतराचा अक्ष आहे हे नजरेने टिपलेलं नसतं. चित्र एका क्षणाचं आहे. त्यात १२ मीटर आहेत, पण एकही सेकंद नाही, सेकंदाचा दहावा भागही नाही. धावत्या आगगाडीच्या फोटोत तीन डबे दिसतात म्हणून रुळाकाठच्या खांबासमोरून सेकंदाला तीन डबे जातात असं कुणी म्हणत नाही. गाडी उभी असती तरी फोटोत तीनच डबे दिसले असते. डब्याची लांबी आणि गाडीचा वेग कळला तरच सेकंदाला किती डबे जातील ते काढता येतं. दोरीचंही तसंच. ४ मीटरचा एक तरंग, तरंग पुढे सरकतो सेकंदाला ८ मीटर, म्हणजे दोरीच्या कुठल्याही एका बिंदूवरून सेकंदाला २ तरंग जाणार. वारंवारता २ हर्ट्झ.

इथे एक उलटतपासणी करून बघावी. तेच चित्र, तीच ४ मीटरची तरंगलांबी, पण दोरीतला ताण चौपट केला तर दोरीवरच्या तरंगाचा वेग दुप्पट होतो, १६ मीटर प्रति सेकंद. तरंगाची लांबी चित्रातल्याइतकीच ठेवायची तर दोरीचं टोक आता सेकंदाला चार वेळा हलवावं लागेल. चित्रात काडीचाही फरक नाही आणि वारंवारता ४ हर्ट्झ. तरंग मोजणाऱ्याचं उत्तर मात्र दोन्ही वेळा ३. जी गोष्ट बदलूनही चित्र बदलत नाही ती चित्रावरून वाचता येणार नाही, हे इतक्या उघडपणे दुसरं कुठलं उदाहरण दाखवत असेल असं वाटत नाही.

पण कार्यपत्रिका बनवणाऱ्याने वेग ८ ऐवजी १२ मीटर प्रति सेकंद छापला असता तर? १२ भागिले ४, वारंवारता ३ हर्ट्झ. चित्रातले तरंग मोजून लिहिलेलं ३ बरोबर ठरलं असतं, त्याला गुण मिळाला असता, आणि कुणालाही काही कळलं नसतं. असं होण्यामागे योगायोग असला तरी कारणही आहे. चित्राची रुंदी १२ मीटर, आणि एका सेकंदात तरंग जातो तेही १२ मीटर. अशा वेळी चित्रात मावणारे तरंग म्हणजेच एका सेकंदात एखाद्या बिंदूवरून जाणारे तरंग. मोजणी बरोबर येते ती फक्त या एका अटीवर, आणि ती अट विद्यार्थ्याला माहीत नसते, बऱ्याचदा प्रश्न काढणाऱ्यालाही नसते. सोपे, पूर्ण भाग जाणारे आकडे निवडण्याच्या नादात असे योगायोग सर्रास घडतात.

त्या ३ चा आणखी एक संभाव्य उगम आहे, आणि तो शोधताना जरा दचकायला होतं. वर सांगितलेली २.६७ मीटरची चुकीची तरंगलांबी घेऊन एखाद्याने ८ ला तिने भागलं, तर उत्तर येतं ३ हर्ट्झ. म्हणजे ज्याला वारंवारतेचा अर्थ नेमका कळला आहे, वेगाला तरंगलांबीने भागायचं हेही माहीत आहे, पण जागांऐवजी शिखरं मोजली, तोही ३ वरच येतो. आणि ज्याने काहीच न भागता नुसते तरंग मोजले तोही ३ वरच येतो. एकच आकडा, आणि मागे समजेच्या दोन टोकांवरचे दोन विद्यार्थी. नुसतं तिसरं उत्तर पाहून फुली मारणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. त्यासाठी वरचं उत्तर पाहावं लागतं. आपल्या कागदावर तरंगलांबी २ मीटर लिहिली आहे, २.६७ नाही. २ मीटरवरून सूत्राने गेलं असतं तर वारंवारता ४ हर्ट्झ आली असती. ती आली नाही, म्हणजे सूत्र वापरलंच गेलं नाही. ३ मोजूनच आलं आहे.

गुण देतानाही हाच धागा उपयोगी पडतो. समजा, दुसऱ्या कुणी तरंगलांबी २ मीटर लिहून पुढे ८ भागिले २, वारंवारता ४ हर्ट्झ असं मांडलं. त्याची तरंगलांबी चुकली, तिचा गुण गेला. पण वारंवारतेच्या पायरीत त्याने नवी चूक केलेली नाही, आधीची चूक पुढे वाहत आली आहे. तिथे पूर्ण गुण द्यावा असं माझं मत आहे, नाहीतर एकाच चुकीची शिक्षा दोनदा होते. आणि निळ्या शाईतल्या ३ हर्ट्झला तिथे शून्यच. दोघांचीही उत्तरं उत्तरसूचीशी जुळत नाहीत, पण एकाला वारंवारता कळली आहे आणि दुसऱ्याला नाही. शिवाय त्या दुसऱ्याला स्वतःची चूक पकडण्याचं साधन कागदावरच छापून दिलेलं होतं. वारंवारता गुणिले तरंगलांबी म्हणजे वेग. त्याचे ३ आणि २ गुणले की ६ येतात, आणि वर छापलं आहे ८. दहा सेकंदांचं काम. ही पडताळणी कुठली चूक आहे ते सांगत नाही, आणि ४ हर्ट्झवाल्याला तर ती काहीच सांगणार नाही, कारण त्याचे ४ गुणिले २ बरोबर ८ येतात. मर्यादा आहेत, पण मोजून काढलेली वारंवारता तिच्यातून सहसा निसटत नाही.

त्याच कागदावर खाली दुसरं चित्र होतं. तशीच तीन शिखरं, तशाच तीन दऱ्या, वरून झाकलं तर पहिल्याचीच नक्कल. फक्त आडव्या अक्षावर मीटरऐवजी सेकंद, ० ते १.५. हे दोरीवरच्या एकाच बिंदूचं चित्र: तो बिंदू वेळेनुसार कसा वरखाली झाला त्याची नोंद. इथे शिखरापासून शिखरापर्यंतचं अंतर ०.५ येतं, आणि त्यापुढे सवयीने लिहिलं जातं, तरंगलांबी ०.५ मीटर. अक्षावर सेकंद छापलेले असताना एकक मात्र मीटर, कारण हातालाच माहीत असतं की शिखर ते शिखर म्हणजे तरंगलांबी, आणि तरंगलांबी म्हणजे मीटर. खरं तर हा ०.५ सेकंद म्हणजे आवर्तकाल. आणि वारंवारता या चित्रातून अगदी सरळ वाचता येते, वेग माहीत नसला तरी. १ सेकंदाच्या खुणेपाशी उभी पट्टी धरून उजवीकडचा भाग झाकला की डावीकडे दोन पूर्ण तरंग उरतात. २ हर्ट्झ. तरीही इथे पुन्हा ३ लिहिणारे असतात, कारण ते १.५ सेकंदातले तीनही तरंग मोजतात. ही चूक पहिल्या चित्रातल्या ३ सारखी दिसते, पण तिच्याइतकी खोल नाही. इथे सेकंद चित्रात आहेत, मोजणीची पद्धतही योग्य आहे, फक्त दीडने भागायचं राहिलं.

दोन्ही चित्रांना सारखाच वक्र असल्यामुळे एक गैरसमज बेमालूम दडून राहतो: हा वक्र म्हणजे दोरीच्या कणाचा किंवा तरंगाचा प्रवासाचा मार्ग, जणू काहीतरी या वळणांवरून डावीकडून उजवीकडे जातं. उत्तरांवरून तो ओळखता येत नाही. ओळखायला एक छोटा प्रश्न पुरतो: सेकंदाच्या आठव्या भागानंतर पहिलं चित्र कसं दिसेल ते काढ. ८ मीटर प्रति सेकंद वेगाने आठव्या भागात १ मीटर, म्हणजे आख्खा वक्र १ मीटर उजवीकडे सरकेल. १ मीटरवरचं शिखर २ मीटरवर येईल आणि १ मीटरवरचा कण शिखरावरून मध्यरेषेवर उतरलेला असेल. ज्याच्या मनात मार्गाची कल्पना आहे तो वक्र सरकवत नाही. तो १२ मीटरच्या पुढे आणखी थोडा वक्र जोडतो.

चुकांचा सगळा भार विद्यार्थ्यावर टाकणंही बरोबर नाही, कारण ही चित्रं हाताने काढलेली असतात. उभा अक्ष सेंटिमीटरमध्ये आणि आडवा मीटरमध्ये असतो, हे तर सांगावंच लागतं. १२ मीटर कागदावर १२ सेंटिमीटरमध्ये बसवले आणि उभी मापंही त्याच प्रमाणात काढली, तर ६ सेंटिमीटरचा आयाम ०.६ मिलिमीटर होईल आणि वक्र जवळपास सरळ रेघ दिसेल. म्हणून उभी बाजू फुगवावी लागते. त्यामुळे शिखरापासून दरीपर्यंत पट्टी तिरकी ठेवून मोजलेल्या लांबीला काहीच अर्थ उरत नाही, ती ना मीटर असते ना सेंटिमीटर. पट्टी ठेवून मोजूच नये. झेरॉक्स लहान झाली की पट्टीचं वाचन बदलतं, अक्षावरच्या खुणा मात्र वक्राबरोबरच आक्रसतात आणि वाचन टिकतं. दुसरी गोष्ट शिखराच्या जागेची. साइन वक्र माथ्यापाशी सपाट असतो. आपल्या चित्रात शिखरापासून २० सेंटिमीटर डावीउजवीकडे गेलं तरी उंची जेमतेम ५ टक्क्यांनी उतरते. हाताने काढलेल्या वक्रात तर माथा कुठे मानायचा हा प्रश्नच पडतो. मध्यरेषेचा छेद त्यामानाने धारदार असतो, कारण तिथे वक्र सर्वांत उभा असतो. म्हणून तरंगलांबी छेदांवरून वाचणं अधिक अचूक, एक छेद सोडून पुढचा घ्यायचा एवढं पथ्य पाळलं की झालं. शिखरांवरून वाचणाऱ्याचं ३.८ किंवा ४.२ मीटर आलं तर मी ते बरोबर धरेन.

आता हीच कार्यपत्रिका पुन्हा काढायची असेल तर आकडे असे निवडावेत, की प्रत्येक चूक वेगळ्या उत्तराशी जाऊन थांबेल. चित्र १२ ऐवजी १० मीटरचं ठेवावं, तरंगलांबी ४ मीटरच, आणि वक्र शून्यातून नव्हे तर शिखरापासून सुरू करावा. मग शिखरं ०, ४ आणि ८ मीटरवर, चित्रात अडीच तरंग. वेग आधी ६ मीटर प्रति सेकंद घेऊन बघितला तर खरं उत्तर दीड हर्ट्झ येतं, पण तरंगलांबी २ वाचणारा ३ हर्ट्झवर पोचतो आणि शिखरं मोजणाराही ३ वरच. परत तोच घोळ. वेग ५ घेतला तर २ मीटरवाला अडीचवर येतो आणि तरंग मोजणाराही अडीचवर. ७ घेतला की सगळे सुटे होतात: बरोबर उत्तर १.७५ हर्ट्झ, अर्धी तरंगलांबी वाचणाऱ्याचं ३.५, तरंग मोजणाऱ्याचं २.५, शिखरं मोजणाऱ्याचं ३, आणि १० मीटरला तीन शिखरांनी भागणाऱ्याचं २.१. आकडे जरा अडनिडे होतात, भागाकार करावा लागतो, पण तपासताना उत्तर पाहिल्याबरोबर वाट दिसते. शिवाय वेगाची ओळ चित्राच्या डोक्यावर न छापता तिसऱ्या प्रश्नाच्या लगेच आधी आणावी, आणि त्या ओळीच्याही आधी एका गुणाचा एक प्रश्न घालावा: फक्त या चित्रावरून वारंवारता सांगता येईल का? येत नसेल तर आणखी काय माहीत असायला हवं?